क्रॉस ब्रेसिंगमधला नेमका कुठला ब्रेस काम करतो? आणि दुसरा तेव्हा काय करत असतो?

मध्यंतरी ओळखीच्या एका नवीन इंजिनिअरनं मला त्याच्या मॉडेलचा स्क्रीनशॉट पाठवला. साधी स्टीलची चौकट, मधे एक्स आकाराचं ब्रेसिंग, एका बाजूनं ६० किलोन्यूटनचा आडवा धक्का. एका ब्रेसमध्ये ३७.५ टेन्शन, दुसऱ्यात ३७.५ कॉम्प्रेशन, खाली रिअ‍ॅक्शन्सची बेरीज बरोबर, सगळं कसं छान सममित. पठ्ठ्यानं ३७.५ ला पुरेल अशी ४० बाय ६ ची पट्टी निवडली होती आणि विचारत होता की "बरोबर आहे ना दादा?"

गणित बरोबर होतं, पण ज्या चौकटीचं गणित होतं ती चौकट साइटवर बांधली जाणारच नव्हती. ४० बाय ६ ची साडेसात मीटर लांब पट्टी ३७.५ किलोन्यूटन दाब घेईल असं मॉडेल गृहीत धरत होतं आणि खरी पट्टी त्यातला शंभरावा हिस्साही घेणार नाही, मग उरलेला सगळा भार जातो कुठे तर दुसऱ्या पट्टीवर, आणि तिची तर निवडच अर्ध्या भारासाठी झालेली. ७५ किलोन्यूटन भागिले २४० चौरस मिमी म्हणजे ३१२ मेगापास्कल, आणि साध्या स्टीलची यील्ड २५०. म्हणजे पट्टी ताणली जाऊन कायमची लांब होणार. हेच प्रकरण जरा नीट उलगडून बघू, कारण यातली चूक दिसत नाही, रिअ‍ॅक्शन बघून तर अजिबातच दिसत नाही.

आधी कुठला ब्रेस ताणला जातो ते. चार पट्ट्या घ्या, कोपऱ्यांना टाचण्या मारून चौकोन करा, दोन्ही तिरक्या दिशांना दोरा बांधा. आता खालची पट्टी टेबलावर धरून ठेवा आणि वरचा डावा कोपरा बोटानं उजवीकडे ढकला. चौकोनाचा तिरका समांतरभुज होतो. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर वाढतं म्हणून तिथला दोरा ताठ होतो, आणि दुसऱ्या दोन कोपऱ्यांमधलं अंतर कमी होतं म्हणून तिथला दोरा झोळीसारखा लोंबतो. बोट उजव्या बाजूनं लावा, अदलाबदल. एवढंच आहे, बाकी सगळं यातूनच निघतं. लक्षात ठेवायला मी असं सांगतो, चौकट ज्या बाजूला कलते त्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात जो ब्रेस जाऊन मिळतो तो कामाचा. कलणाऱ्या माणसाला मागून कुणीतरी खांद्याला दोरी बांधून धरल्यासारखं.

पुढे सोयीसाठी कोपऱ्यांना नावं देऊ. खालचा डावा क, वरचा डावा ख, वरचा उजवा ग, खालचा उजवा घ. चौकट ६ मीटर रुंद, ४.५ मीटर उंच, म्हणजे तिरकी लांबी बरोब्बर ७.५ मीटर. सगळे जोड पिन धरू, कॉलमचे पायही. ६० किलोन्यूटन ख कोपऱ्यावर, डावीकडून उजवीकडे. लोड फॅक्टर वगैरे आत्ता बाजूला ठेवू, ६० म्हणजे ६०. ताणला जाणारा ब्रेस क ते ग, ढिला पडणारा ख ते घ. ब्रेस म्हणून ६५ बाय ८ ची पट्टी घेऊ, क्षेत्रफळ ५२० चौरस मिमी.

ढिला पडणारा खरंच काहीच घेत नाही का? ऑयलरचं सूत्र लावून बघायला दोन मिनिटं लागतात. पट्टी तिच्या ८ मिमी जाडीच्या बाजूनं वाकणार, त्या बाजूचा इनर्शिया ६५ गुणिले ८ चा घन भागिले १२, म्हणजे साधारण २७७० मिमी चतुर्थ घात. लांबी ७५०० मिमी. उत्तर येतं ९७ न्यूटन. किलोन्यूटन नाही, न्यूटन! म्हणजे जवळपास दहा किलो वजन. तीच पट्टी ताणात २५० मेगापास्कलवर १३० किलोन्यूटन घेते. मधोमध दोन्ही ब्रेस एकमेकांना बोल्ट केले तर वाकायची लांबी निम्मी होते आणि ताकद चौपट, तरी ३९० न्यूटन. शून्यच धरायचं ते. म्हणून याला टेन्शन-ओन्ली म्हणतात. डिझाइनर "मी दाब मोजणार नाही" असं ठरवतो ते सोयीसाठी वाटतं, पण पट्टीच्या बाबतीत ती सोय नसून वस्तुस्थिती आहे.

अँगल वापरला की गोष्ट थोडी अधलीमधली होते. ६५ बाय ६५ बाय ६ चा अँगल पूर्ण लांबीला ४ किलोन्यूटनच्या आसपास घेतो, मधे जोडला तर १६ पर्यंत. म्हणजे तो अगदीच मेलेला नाही, पण ३७.५ घेण्याइतका जिवंतही नाही. अशा वेळी त्याचा दाब सोडून देणं हे ब्रेस, बीम, कॉलम यांच्यासाठी सुरक्षित बाजूचं आहे म्हणून बहुतेक जण तसंच करतात. मीही.

आता फक्त क-ग धरून गणित करू. आडवा घटक ६० हवा, ब्रेसच्या आडव्या अंतराचं लांबीशी प्रमाण ६ भागिले ७.५ म्हणजे ०.८, तर ब्रेसमधला ताण ६० भागिले ०.८ बरोबर ७५ किलोन्यूटन. त्याचा उभा घटक ७५ गुणिले ०.६ बरोबर ४५. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. खरी मजा बाकीच्या मेंबरमध्ये आहे.

धक्का बसला ख वर. ख पासून निघणारा ब्रेस तर ढिला पडलाय, मग ख चा ६० जाणार कुठे? बीममधून. पूर्ण ६० दाब बीममधून ग पर्यंत जातो आणि तिथे क-ग ब्रेस त्याला पकडतो. पकडताना तो ग ला खालीही ओढतो, म्हणून उजव्या कॉलममध्ये ४५ दाब. डाव्या कॉलममध्ये या धक्क्यामुळे शून्य. पायाशी बघा, घ वर ४५ खाली दाब आणि आडवं काहीच नाही. क वर मात्र ब्रेस येऊन मिळतो, तर तिथे ४५ वर उचल आणि अख्खा ६० आडवा.

आता तेच त्या स्क्रीनशॉटवाल्या मॉडेलमध्ये, जिथे दोन्ही ब्रेस काम करतात असं धरलंय. ब्रेस ३७.५ आणि ३७.५. ख वर दाबातला ब्रेस ३० आडवा परस्पर घेऊन टाकतो म्हणून बीममध्ये फक्त ३०. उजव्या कॉलममध्ये २२.५ दाब, डाव्यात २२.५ ताण. पायांवर आडवा भार दोन्हीकडे ३० आणि ३०. आणि उभी रिअ‍ॅक्शन? क वर कॉलमची २२.५ उचल अधिक ब्रेसची २२.५ उचल, एकूण ४५. घ वर ४५ खाली. म्हणजे तीच!

हीच ती न दिसणारी चूक. उभी रिअ‍ॅक्शन ही नुसत्या उलटण्याच्या मोमेंटवरून ठरते, ६० गुणिले ४.५ भागिले ६, ब्रेस एक असो की दोन तिला फरक पडत नाही. त्यामुळे आपण ज्या गोष्टीवरून मॉडेल तपासतो ती तंतोतंत जुळते, आणि ब्रेस, बीम, कॉलमचा वाढीव दाब, अँकर बोल्टवरचा शिअर, हे सगळे नेमके निम्मे निघतात. ड्रिफ्टही निम्मा, कारण कडकपणा दुप्पट दिसतो. ब्रेस चुकला तर लोक पकडतात, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो. बीमचा दाब आणि बेसचा शिअर मात्र मी कित्येकदा तसाच ड्रॉइंगपर्यंत गेलेला बघितलाय, म्हणजे ब्रेसची साइज हातानं दुप्पट केलेली आणि अँकर बोल्ट जुन्याच आकड्यावर.

बीमच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. धक्का ख वर न येता उजव्या बाजूच्या भिंतीवरच्या ओढीमुळे थेट ग वर आला तर ब्रेस त्याला जागेवरच पकडतो आणि बीममध्ये काही येत नाही. धक्का अर्धा अर्धा आला तर बीममध्ये ३०. म्हणून भार कुठल्या कोपऱ्यातून शिरतो ते पण बघायला लागतं, नुसती बेरीज बघून चालत नाही.

आता धक्का उलटा. वारा उजवीकडून आला किंवा भूकंपात चौकट परत फिरली. ख-घ ताठ, क-ग ढिला, वरचं सगळं आरशातल्यासारखं. डाव्या कॉलममध्ये ४५ दाब, घ वर ४५ उचल आणि ६० आडवा. म्हणजे दोन्ही पाय सारखेच डिझाइन करायचे, हे कळतं. पण त्यात एक जोडी लपलेली आहे जी लोक सोडून देतात. जो पाय उचलला जातोय त्याच पायावर, त्याच क्षणी, अख्खा शिअर येतो. कारण उचलणारा आणि आडवा ओढणारा एकच ब्रेस आहे. समजा त्या कॉलमवर कायमचं वजन ३० किलोन्यूटन आहे आणि सुरक्षिततेसाठी त्यातलं २७ च धरलं, तर निव्वळ उचल १८ आणि शिअर ६०. बेसप्लेट वर जायला बघतीय म्हणजे घर्षण विसरा, सगळं बोल्टवर, ताण आणि शिअर एकत्र. "दोन पाय आहेत, ३०-३० वाटून घेतील" हे इथे चालत नाही, दुसऱ्या पायापर्यंत तो शिअर न्यायचा तर खाली एखादा टाय बीम किंवा काँक्रीटचा फ्लोअर तसा जोडलेला पाहिजे.

जो ब्रेस "काम करत नाही" तो तेव्हा काय करतो, हे एकदा आकड्यात बघायलाच हवं कारण मला स्वतःला ते पहिल्यांदा पटलं नव्हतं. क-ग ७५ वर किती लांबतो? ७५००० गुणिले ७५०० भागिले ५२० भागिले २ लाख, ५.४ मिमी. त्यातून वरचा कोपरा आडवा ५.४ भागिले ०.८, म्हणजे पावणेसात मिमी सरकतो, कॉलम आणि बीमचं आखडणं धरलं तर डावीकडचा वरचा कोपरा साधारण साडेसात. तेव्हा ख-घ मधलं अंतर साडेसात गुणिले ०.८, म्हणजे ६ मिमीनं कमी होतं. ६ मिमी! एवढं तर बोल्टच्या भोकाच्या ढिलाईतच जिरत असेल असं वाटतं ना? पण साडेसात मीटरच्या सरळ पट्टीची टोकं ६ मिमी जवळ आणली की ती मधे १३५ मिमी फुगते. वाकलेल्या कमानीचं गणित तसंच आहे, टोकाचं थोडंसं अंतर मधे कितीतरी पटीनं दिसतं. मधे बोल्ट असेल तर एस आकारात वाकते आणि फुगवटा निम्मा, ६५-७० मिमी.

म्हणून पट्टीच्या बाजूला दोन इंचावर पत्र्याची भिंत किंवा केबल ट्रे असेल तर वादळात तिथून धाडधाड आवाज येणार. आणि म्हणूनच मधला बोल्ट बरा. ताठ असलेला ब्रेस मधल्या बिंदूला आपोआप धरून ठेवतो, तेवढाच फायदा. नुसतं एकमेकांवर टेकवून सोडलं तर घासतात, रंग जातो, गंज.

आता कॉम्प्युटरकडे. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि गोंधळाचं मूळ एकच, कुठला ब्रेस चालू आहे हे भारावर अवलंबून आहे, त्यामुळे दोन लोड केसची उत्तरं वेगवेगळी काढून बेरीज करता येत नाही. सुपरपोझिशन बंद. ग्रॅव्हिटीचं उदाहरण घ्या. कॉलमवर २०० किलोन्यूटन आलं की कॉलम एक-सव्वा मिमी आखडतो, त्यामुळे दोन्ही ब्रेसची टोकं पाऊण मिमीच्या आसपास जवळ येतात, म्हणजे नुसत्या ग्रॅव्हिटीला दोन्ही ब्रेस ढिले. प्रोग्रामला ब्रेस टेन्शन-ओन्ली सांगितले असतील तर तो दोघांनाही काढून टाकतो, आणि बाकी सगळं पिन असेल तर चौकट म्हणजे निव्वळ पत्त्यांचा बंगला, लगेच इन्स्टॅबिलिटीची वॉर्निंग. ही वॉर्निंग आली की काही जण घाबरून ब्रेस परत साधे करून टाकतात आणि वर सांगितलेल्या चुकीत जाऊन पडतात. वॉर्निंग खरं तर ग्रॅव्हिटी एकटी चालवल्यामुळे आलेली असते. ग्रॅव्हिटी आणि वारा एकाच रनमध्ये, एकत्र भार म्हणून द्यायचे, मग प्रोग्राम त्या एकत्र भाराला कोण ताठ कोण ढिला ते ठरवतो.

स्टॅड वापरणाऱ्यांसाठी, साधारण असं दिसतं, इथे ५ आणि ६ हे दोन ब्रेस, १ ग्रॅव्हिटी, ३ डावीकडचा वारा, ४ उजवीकडचा:

```
SET NL 10
...
MEMBER TENSION
5 6
...
LOAD 11
REPEAT LOAD
1 1.2 3 1.2
PERFORM ANALYSIS
CHANGE
LOAD 12
REPEAT LOAD
1 1.2 4 1.2
PERFORM ANALYSIS
CHANGE
LOAD LIST ALL
```

इथे `LOAD COMBINATION` वापरलं तर प्रोग्राम आधी निघालेल्या उत्तरांची नुसती बेरीज करतो, म्हणून `REPEAT LOAD`, जो भारांची बेरीज करून नव्यानं सोडवतो. `CHANGE` नं मागच्या रनमध्ये बंद केलेला ब्रेस परत टेबलावर येतो. सॅप किंवा ईटॅब्समध्ये ब्रेसला कॉम्प्रेशन लिमिट शून्य द्यायची असते, पण ती लिमिट फक्त नॉनलिनिअर केसमध्ये पाळली जाते. लिमिट दिली आणि केस लिनिअर ठेवली तर प्रोग्राम काही बोलत नाही, गपचूप ३७.५ आणि ३७.५ देतो. तपासायचं कसं? निकालात ब्रेसच्या फोर्सेस बघा, एकाही ब्रेसमध्ये दाब दिसला की समजायचं सेटिंग लागलेलं नाही.

भूकंपाच्या रिस्पॉन्स स्पेक्ट्रमला तर हे मुळातच लागू होत नाही, ती पद्धतच लिनिअर आहे, तिच्यात डावं-उजवं असं काही उरत नाही. तिथे दोन रस्ते. एक, मॉडेलमध्ये प्रत्येक खणात एकच ब्रेस ठेवा. दोन, दोन्ही ठेवा पण क्षेत्रफळ निम्मं द्या. दोन अर्धे मिळून एका पूर्ण ब्रेसएवढा कडकपणा, म्हणजे पिरियड आणि ड्रिफ्ट बरोबर येतो, आणि ब्रेसमधला निघालेला फोर्स दुप्पट करून खऱ्या पट्टीवर तपासायचा. दुसरा रस्ता मला आवडतो कारण मॉडेल सममित राहतं, पण लक्षात असू द्या की बीम, कॉलम आणि प्रत्येक पायावरचा शिअर यांचे आकडे त्यात अजूनही "दोन्ही काम करतात" वालेच असतात. ते हातानं दुरुस्त करायला लागतात. त्या एका खणाचं हाताचं गणित वर आहेच.

हातानं करायचं असेल तर पद्धत सोपी. अंदाजानं एक ब्रेस ठेवा, दुसरा काढा, सोडवा. मग दोन गोष्टी बघा. ठेवलेल्यात ताण आला का, आणि काढलेल्याची टोकं खरंच जवळ आली का. पहिली गोष्ट सगळे बघतात, दुसरी फार कमी जण. एका खणाच्या चौकटीत पहिली बरोबर निघाली की दुसरी बरोबरच असते, पण जरा गुंतागुंत वाढली की नाही. उदाहरणार्थ दोन-तीन खण एकमेकांना जोडलेले असताना मधल्या पायाचा फाउंडेशन खचला तर दोन्ही ब्रेसची अंतरं त्या खचण्यानं बदलतात, आणि काढून टाकलेला ब्रेस खरं तर ताठ असू शकतो. तसं निघालं तर तो परत आत घ्या, पुन्हा सोडवा. प्रोग्रामही आतल्या आत हेच करतो, दोन-चार फेऱ्यांत थांबतो.

जिथे अंदाज चुकतो अशा दोन जागा. पहिली, छताच्या पातळीतलं आडवं ब्रेसिंग. शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वारा सारखाच, दिशा एकच, म्हणून लोक सगळ्या खणांत एकाच दिशेचे ब्रेस ताठ धरतात. पण ते ब्रेसिंग म्हणजे आडवी ठेवलेली ट्रस आहे, दोन्ही टोकांना टेकलेली, आणि तिचा शिअर मधोमध चिन्ह बदलतो. म्हणून डाव्या अर्ध्यात एका दिशेचे ब्रेस काम करतात, उजव्या अर्ध्यात उलट्या दिशेचे, नकाशावर बघितलं तर आरशातली जोडी. अगदी मधल्या खणात शिअर जवळपास शून्य, तिथे कोण काम करतो याला फारसा अर्थच नाही. दुसरी जागा, प्लॅनमध्ये पिळवटणारी इमारत. कडकपणाचं केंद्र एका बाजूला आणि भाराचं दुसऱ्या बाजूला असलं की इमारत सरकते आणि वळतेही. वळणं जास्त झालं तर समोरासमोरच्या दोन फ्रेम विरुद्ध दिशांना कलतात. म्हणून वाऱ्याची दिशा बघू नका, त्या खणाचा शिअर कुठल्या दिशेला आहे ते बघा.

भूकंपात आणखी एक भानगड आहे, जी वाऱ्यात सहसा येत नाही. वाऱ्याला आपण ब्रेस इलॅस्टिक ठेवतो, भूकंपात मोठ्या झटक्यात तो यील्ड होऊ शकतो. आपली पट्टी ९.४ मिमी लांबली की यील्ड. समजा एका झटक्यात ती २० मिमी ताणली गेली, तर परत येताना १० मिमीपेक्षा जास्त लांबी कायमची वाढलेली राहते. आता पुढच्या फेरीत चौकट त्याच दिशेला १३ मिमी सरकेपर्यंत हा ब्रेस ताठच होत नाही, तोपर्यंत त्याचं अस्तित्व नसल्यात जमा. मग एकदम ताठ होतो, झटका बसतो. दुसऱ्या बाजूलाही तसंच झालं की मधल्या पट्ट्यात चौकटीला धरणारं कुणीच नाही, ती इकडून तिकडे हेलपाटत राहते, आणि दर मोठ्या फेरीत ढिलाई वाढत जाते. ऊर्जा जिरवण्याच्या दृष्टीनं हे फार कंजूष वागणं आहे, म्हणूनच भूकंपाचे नियम टेन्शन-ओन्ली ब्रेसिंगला हात राखून परवानगी देतात. युरोकोड ८ तर एक्स ब्रेसिंगमध्ये फक्त ताणातला ब्रेस धरायला सांगतो आणि वर ब्रेस किती सडपातळ चालेल यालाही मर्यादा घालतो.

मग ब्रेस आधीच ताणून ठेवले तर? टर्नबकलवाले रॉड याच्यासाठीच. दोन्ही रॉडमध्ये सुरुवातीला १५ किलोन्यूटन ताण भरला असं धरू. धक्का वाढत गेला की क-ग चा ताण वाढतो, ख-घ चा तेवढाच कमी होतो, आणि कमी होत जाणारा ताण म्हणजे एक प्रकारे दाब घेणंच झालं. म्हणजे सुरुवातीला खरंच दोघंही काम करतात, कडकपणा दुप्पट. ख-घ शून्यावर पोचतो तेव्हा क-ग मध्ये ३०, आणि तेव्हाचा धक्का ३० गुणिले ०.८ बरोबर २४ किलोन्यूटन. तिथून पुढे ख-घ ढिला आणि ६० पर्यंत जाताना क-ग एकटाच. शेवटी त्यात किती? ७५ च! आधीचे १५ वर मिळवून ९० होत नाहीत. दुसरा शून्यावर असला की पहिल्याला ६० भागिले ०.८ एवढंच द्यायचं असतं, आधी काय भरलं होतं ते स्टॅटिक्स विचारत नाही. म्हणजे प्रीटेन्शनचा फायदा रोजच्या हलक्या वाऱ्यात, चौकट खुळखुळत नाही, ब्रेस लोंबताना दिसत नाही. मोठ्या धक्क्याला डिझाइन तेच.

आणि हा भरलेला ताण टिकतोच असंही नाही. २४ मिमी रॉडमध्ये १५ किलोन्यूटन म्हणजे ३३ मेगापास्कल, आणि रॉड चौकटीपेक्षा १४ अंशांनी जास्त तापला की एवढा ताण प्रसरणातच निघून जातो. उन्हात असलेला रॉड आणि सावलीतला कॉलम यांच्यात एवढा फरक सहज पडतो. वर इरेक्शनच्या वेळी, छत-भिंती चढायच्या आधी, रॉड ताणले तर नंतर वजन आल्यावर कॉलम आखडून आणखी ढिले. म्हणून शेवटचं ताणणं कायमचं वजन चढल्यावर.

ते ताणणं सुद्धा कसं करायचं यावरून एकदा चांगलीच फजिती झालेली बघितलीय. एका शेडमध्ये एक रॉड हातानं हलवला तर गदगद हलत होता, दुसरा तारेसारखा ताठ. फिटरनं ढिला होता तोच टर्नबकल एक फेरा आवळला. टर्नबकलला एका बाजूनं डावे आटे असतात एका बाजूनं उजवे, २४ मिमीच्या साध्या आट्याला पिच ३ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात रॉड ६ मिमी आखूड. आणि ताठ असलेला सैल न करता हा आवळला म्हणून त्याला तो फेरा पुरा करताना पाना दोघांना ओढायला लागला. मग कुणीतरी अक्कल लढवून ताठ होता तो सैल केला, आणि लगेच चौकट आवळलेल्या बाजूला ओढली गेली. ६ भागिले ०.८, साडेसात मिमी. ओळंबा लावला तेव्हा कळलं की कॉलम आता सरळ उभा नाही, आणि सैल केलेला रॉड अर्थातच गदगद हलतोय. त्यानं तो आवळला, मग पहिला ढिला, असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी दोन्ही पूर्ण सैल केले, ओळंब्यावर कॉलम धरून ठेवला, आणि दोघांनी दोन बाजूंनी पाव-पाव फेरा करत एकदम आवळले.